ऑनलाइन दुकानातली ‘Sponsored’ जाहिरात: एका क्लिकला किती पैसे मोजावेत?

ॲमेझॉनच्या ॲपवर ‘chakla belan’ असं टाईप करून बघा. वरच्या ओळींत जी पोळपाट-लाटणी दिसतील, त्यातल्या काहींवर बारीक करड्या अक्षरांत ‘Sponsored’ लिहिलेलं असतं. ती जागा त्या विक्रेत्याने पैसे देऊन घेतलेली असते. फ्लिपकार्ट आणि मीशोवरही अशाच जाहिराती असतात.

या जागा विकणं हा आता मोठा धंदा आहे. एकट्या ॲमेझॉनचं जगभरातलं जाहिरातींचं उत्पन्न २०२४ मध्ये सुमारे ५६ अब्ज डॉलर होतं. त्यातला मोठा वाटा याच दुकानावर माल विकणारे विक्रेते देतात.

छोट्या विक्रेत्यापुढे मात्र प्रश्न साधा असतो. महिन्याला तीन-चार हजार रुपये जाहिरातीवर गेले, तर ते परत येतात का? आणि जाहिरात बंद केली की विक्रीही बंद पडते का? याचं उत्तर काढता येतं. त्यासाठी लाकडी पोळपाट-लाटण्याचा एक संच विकणाऱ्या विक्रेत्याचं उदाहरण घेऊ. उदाहरणातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुमच्या मालाचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची पद्धत हीच राहील.

ही जाहिरात चालते कशी?

जाहिरात नुसती दिसली तर पैसे लागत नाहीत. ग्राहकाने तिच्यावर क्लिक केलं की लागतात, मग त्याने माल घेवो अथवा न घेवो.

ग्राहक शोध घेतो त्या क्षणी पडद्यामागे एक छोटा लिलाव होतो. प्रत्येक विक्रेत्याने ‘या शब्दासाठी एका क्लिकला मी जास्तीत जास्त इतके रुपये देईन’ असं आधीच सांगून ठेवलेलं असतं. ही त्याची बोली. पण सर्वांत मोठी बोली लावणाराच वर येतो असं नाही. ग्राहक त्या वस्तूवर क्लिक करेल का, ती घेईल का, याचा अंदाजही लिलावात धरला जातो. त्यामुळे चांगले फोटो आणि चांगले रिव्ह्यू असलेली वस्तू कमी बोलीतही वर येऊ शकते, आणि ज्या वस्तूकडे कोणी बघत नाही तिला जास्त बोली लावूनही जागा मिळत नाही.

एक अट लक्षात ठेवा. तीच वस्तू अनेक विक्रेते विकत असतील, तर खरेदीच्या मुख्य बटणामागे ज्याचा भाव असेल त्याचीच जाहिरात दिसते. माल संपला किंवा ते बटण दुसऱ्याकडे गेलं, की तुमची जाहिरात गुपचूप थांबते. ‘बजेट आहे, बोली आहे, तरी जाहिरात दिसत नाही’ या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

बोलीआधी एक आकडा काढा

आपला संच ४९९ रुपयांना विकला जातो असं धरू. त्यातून जीएसटी, लाकूड आणि कारागिराची मजुरी, खोका, ॲमेझॉनचं कमिशन, कुरिअर आणि परत येणाऱ्या मालाचं सरासरी नुकसान वजा केलं. हातात ११० रुपये उरतात. जाहिरातीसाठी हीच मर्यादा आहे. एका ऑर्डरमागे जाहिरातीवर ११० रुपये गेले तर नफा शून्य, आणि त्याहून जास्त गेले तर घरातून भर.

आता दुसरा आकडा घेऊ. वस्तूच्या पानावर आलेल्या १०० जणांपैकी किती जण माल घेतात? आपल्या संचासाठी आठ धरू. म्हणजे १०० क्लिकमागे आठ ऑर्डर, आणि त्यातून ८८० रुपये. ते १०० क्लिकवर वाटले की एका क्लिकला ८ रुपये ८० पैसे होतात. याहून महाग क्लिक तोट्याचं.

जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही, आणि मग हीच मर्यादा साडेसात रुपयांच्या आसपास येते.

ॲमेझॉनच्या अहवालात हीच गोष्ट ‘ACOS’ या नावाने दिसते. जाहिरातीचा खर्च भागिले जाहिरातीतून झालेली विक्री, असं ते प्रमाण आहे. आपल्या संचासाठी ११० भागिले ४९९, म्हणजे २२ टक्के ही नफा-तोट्याची रेषा झाली. ‘ACOS किती असावा?’ याला सगळ्यांना लागू पडणारं उत्तर नाही, कारण ही रेषा प्रत्येक वस्तूची वेगळी असते.

ग्राहक नेमकं काय टाईप करतो?

आपण ज्याला पोळपाट म्हणतो त्याला दिल्लीचा ग्राहक चकला म्हणतो. लाटण्याला कोणी बेलन म्हणतं, कोणी rolling pin. पुण्यातला माणूसही पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत ‘polpat latne’ लिहितो, कधी ‘polpat latna’, कधी ‘polpaat’. दुकानदाराच्या तोंडी असलेला शब्द आणि ग्राहकाच्या बोटांवर असलेला शब्द असे वेगळे असू शकतात.

म्हणून सुरुवातीला कीवर्ड स्वतः ठरवत बसू नका. ॲमेझॉनवर ‘Automatic targeting’ नावाचा प्रकार आहे. यात तुम्ही शब्द देत नाही. तुमच्या वस्तूचं नाव आणि वर्णन वाचून ॲमेझॉनच जाहिरात वेगवेगळ्या शोधांसमोर दाखवून बघतं. पण वर्णनात ‘chakla’ हा शब्दच नसेल, तर चकला शोधणाऱ्यापर्यंत ही जाहिरात पोहोचणं अवघड. त्यामुळे जाहिरातीआधी वस्तूचं नाव आणि वर्णन यात पोळपाट, चकला, बेलन, लाकडी, किती इंच हे सगळं नीट लिहिलेलं हवं.

दोन आठवड्यांनी ‘Search term report’ उघडा. ग्राहकांनी प्रत्यक्षात काय टाईप केलं, त्यावर किती क्लिक झाले, किती पैसे गेले आणि किती ऑर्डर आल्या, हे त्यात ओळीने दिलेलं असतं. सगळ्या जाहिरातींत हा कागद सर्वांत कामाचा, आणि सर्वांत कमी उघडला जाणाराही.

दोन आठवड्यांचा हिशेब

आपल्या विक्रेत्याने रोजचं बजेट २०० रुपये ठेवलं. चौदा दिवसांत २,८०० रुपये गेले, ४०० क्लिक झाले आणि २४ ऑर्डर आल्या. एका ऑर्डरमागे सुमारे ११७ रुपये पडले. मर्यादा ११० ची होती, म्हणजे थोडा तोटा. इथेच बरेच जण ‘जाहिरात आपल्याला परवडत नाही’ म्हणून बंद करतात. पण आतल्या ओळी वाचा:

- ‘chakla belan wooden’: १२० क्लिक, ८४० रुपये, १२ ऑर्डर
- ‘polpat latne’: ३० क्लिक, १२० रुपये, ५ ऑर्डर
- ‘rolling pin’: ११० क्लिक, ८८० रुपये, ३ ऑर्डर
- ‘marble chakla’: ६० क्लिक, ४२० रुपये, एकही ऑर्डर नाही
- बाकीचे किरकोळ शोध: ८० क्लिक, ५४० रुपये, ४ ऑर्डर

सरासरीने लपवलेलं आता उघड होतं. पहिल्या ओळीत ऑर्डरमागे ७० रुपये पडले, म्हणजे ४० रुपये नफा. दुसऱ्या ओळीत तर फक्त २४ रुपये. त्या शब्दाला स्पर्धा कमी, म्हणून क्लिक चार रुपयांना मिळालं. आणि जो माणूस ‘polpat latne’ लिहितो, त्याला काय हवं आहे हे नक्की माहीत असतं. तिसऱ्या ओळीत मात्र एका ऑर्डरला २९३ रुपये लागले. ‘rolling pin’ शोधणाऱ्यांत केक-बिस्किटं करणारेही असतात. त्यांना नुसतं लाटणं हवं असतं, पोळपाट नको असतो. चौथ्या ओळीतल्या लोकांना संगमरवरी पोळपाट हवा होता. लाकडी बघून ते परत गेले, पण क्लिकचे पैसे द्यावेच लागले.

पहिल्या दोन ओळींतले शब्द आता स्वतंत्र ‘Manual’ मोहिमेत ‘Exact’ या प्रकारात टाकायचे. मग जाहिरात त्याच शब्दांवर, किंवा त्यांच्या अगदी जवळच्या रूपांवर दिसते, आणि त्यांची बोली तुमच्या हातात येते. तेच शब्द जुन्या ऑटोमॅटिक मोहिमेत ‘Negative exact’ म्हणून नोंदवा, म्हणजे हिशेब दोन ठिकाणी विखुरणार नाही. ‘marble’ हा शब्द ‘Negative phrase’ मध्ये घाला. त्यानंतर ज्या शोधात marble आहे, त्यावर तुमची जाहिरात येणारच नाही. निगेटिव्ह शब्द मात्र जपून निवडा. चिडून ‘belan’ असा एकच शब्द तिथे घातलात, तर सर्वांत चांगला शोधही बंद होईल.

एखादा शब्द वाया गेला हे कधी म्हणायचं? दहा-बारा क्लिकवर ऑर्डर आली नाही म्हणून तो काढून टाकणं घाईचं ठरतं. जो शब्द शंभरात आठ ऑर्डर देतो, त्यावरही सलग १२ क्लिक कोरे जाण्याची शक्यता तीनात एक इतकी असते. सलग ३६ क्लिक कोरे जाण्याची शक्यता मात्र वीसात एक एवढीच. म्हणून आपल्या संचासाठी ३५-४० क्लिकपर्यंत वाट बघणं रास्त. ‘marble chakla’ ने ६० घेतले, तेव्हा तिथे शंकेला जागा उरत नाही.

बोली किती, कधी बदलायची?

आता प्रत्येक शब्दाची मर्यादा वेगळी निघते. ‘chakla belan wooden’ वर १०० क्लिकला दहा ऑर्डर येतात, म्हणून तिथे ११ रुपयांपर्यंत क्लिक परवडतं. सध्या ते सात रुपयांना मिळतंय. बोली आठ-साडेआठ करून जास्त क्लिक मिळतात का ते बघता येईल. ‘rolling pin’ ची मर्यादा जेमतेम तीन रुपये आहे. तिथे बोली तीनच्या खाली आणा. क्लिक आले तर ठीक, नाही आले तरी बिघडत नाही.

‘polpat latne’ वर हिशेबाने १८ रुपयेही परवडतील. म्हणून बोली तिथवर न्यावी का? तशी गरज नाही. तो शब्द शोधणारी माणसंच मोजकी आहेत. चार रुपयांत ती मिळत असतील, तर जास्त बोली लावून माणसं वाढणार नाहीत.

मोहीम उघडताना बोलीची पद्धतही विचारली जाते. सुरुवातीला ‘Dynamic bids - down only’ ठेवणं सुरक्षित असतं. विक्रीची शक्यता कमी वाटली तर ॲमेझॉन तुमची बोली खाली आणतं, पण वर नेत नाही. ‘Up and down’ मध्ये ती वरही जाते. शोधाच्या पहिल्या पानावरच्या सर्वांत वरच्या जागेसाठी तर ती दुपटीपर्यंत जाऊ शकते. आठ रुपयांची बोली लावून १४ रुपयांचं क्लिक का लागलं, असा प्रश्न पडला तर आधी ही सेटिंग तपासा.

बजेटचीही एक गोम आहे. २०० रुपयांत सात रुपयांची २८ क्लिक येतात. ती दुपारी बारापर्यंत संपली, तर जाहिरात दिवसभरासाठी थांबते, आणि रात्री जेवणं आटोपून फोन हातात घेणाऱ्या ग्राहकाला ती दिसतच नाही. बजेट संपल्याची सूचना आली की ते वाढवावंसं वाटतं. त्याआधी बोली रुपया-दीड रुपयाने कमी करून बघा. त्याच पैशांत जास्त क्लिक आले आणि ऑर्डर टिकून राहिल्या, तर बजेट वाढवायची गरजच नव्हती.

बोली रोज बदलू नका. क्लिक आज होतं आणि ऑर्डर चार दिवसांनी येते, असं पुष्कळदा घडतं. क्लिकनंतर सात दिवसांत आलेली ऑर्डर अहवालात त्या जाहिरातीच्या नावावर लागते. म्हणजे कालचा ACOS अजून कच्चा असतो. आठवड्यातून एकदा, तोही मागचे काही दिवस सोडून, हिशेब बघितलेला बरा.

जाहिरातीमुळे ऑरगॅनिक रँक वाढतो का?

ऑरगॅनिक रँक म्हणजे पैसे न देता शोधात मिळणारी जागा. ‘जाहिरात दिलीत तर रँक आपोआप वर येईल’ असं सांगणारे बरेच भेटतात. ते अर्धंच खरं आहे.

क्रमवारी नेमकी कशी ठरते, याचं सूत्र कोणताही मार्केटप्लेस पूर्ण उघड करत नाही. भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार क्रमवारीमागचे मुख्य निकष सोप्या भाषेत जाहीर करणं बंधनकारक आहे. पण ती माहिती ढोबळ स्वरूपात मिळते. शोधाच्या शब्दांशी वस्तू किती जुळते, ती किती विकली जाते, भाव काय, माल आहे का, ग्राहकापर्यंत किती लवकर पोहोचेल, अशा गोष्टी त्यात मोजल्या जातात.

यात जाहिरातीचा शिरकाव ऑर्डरमधून होतो. जाहिरातीतून आलेली ऑर्डरही शेवटी ऑर्डरच असते. ‘chakla belan wooden’ शोधून लोक तुमचाच संच वारंवार घेऊ लागले, तर त्या शब्दासाठी तुमची वस्तू योग्य आहे असा संकेत जातो आणि तिची फुकटची जागाही वर सरकू शकते. नव्या वस्तूला याचा उपयोग सर्वांत जास्त. ती विसाव्या पानावर असते, तिथे कोणी जात नाही, म्हणून विक्री नाही, आणि विक्री नाही म्हणून ती वर येत नाही. जाहिरात हे चक्र तोडते.

पण नुसत्या क्लिकने हे होत नाही. शंभर जण आले आणि दोघांनीच घेतलं, तर चांगला संकेत जाईल कसा? वर आलेली जागाही कायमची मिळत नाही. भाव, रिव्ह्यू आणि साठा टिकला तरच ती टिकते. दहा दिवस माल संपलेला राहिला, तर महिनाभर जाहिरातीने कमावलेलं बरंचसं निसटू शकतं.

आपला रँक बघताना स्वतःच्या खात्यातून लॉग आउट व्हा, दर वेळी तोच पिनकोड ठेवा आणि ‘Sponsored’ लिहिलेल्या जागा मोजू नका. तीन-चार शब्दांसाठी आठवड्यातून एकदा एवढी नोंद पुरते.

जे फुकट मिळालं असतं, त्याचेच पैसे?

याला दुसरी बाजू आहे. तुमची वस्तू फुकटच्या जागेत तिसऱ्या क्रमांकावर असेल आणि वर तुमचीच जाहिरात असेल, तर ग्राहक आधी जाहिरातीवर क्लिक करतो. ती नसती तरी त्याने खाली तुमचीच वस्तू घेतली असती. अहवालात ही ऑर्डर ‘जाहिरातीची’ म्हणून दिसते, पण तुमचा फक्त खर्च वाढलेला असतो.

ई-बे कंपनीने हे प्रत्यक्ष तपासलं होतं. सर्च इंजिनवर ‘ई-बे’ हा शब्द शोधणाऱ्यांना ती स्वतःचीच जाहिरात दाखवत असे. २०१२ मध्ये तिने याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनवर या जाहिराती थांबवल्या. त्या क्लिकपैकी ९९.५ टक्के खालच्या फुकटच्या लिंकवरून तरीही आले. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो सर्च इंजिनवरच्या जाहिरातींचा आणि एका प्रसिद्ध नावाचा अभ्यास होता. नवख्या पोळपाटाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण जाहिरातीच्या नावावर दिसणारी विक्री आणि जाहिरातीमुळे वाढलेली विक्री एक नसते, हे त्यातून स्पष्ट होतं.

छोटा विक्रेताही ही तपासणी करू शकतो. समजा काही महिन्यांनी आपल्या संचाच्या रोज सरासरी अडीच ऑर्डर येतात. अहवालानुसार त्यातल्या दीड जाहिरातीच्या आणि एक फुकटची. रोजचा खर्च १२० रुपये. कागदावर ऑर्डरमागे ८० रुपये पडतात, म्हणजे नफा.

आता तीन आठवडे जाहिरात थांबवा आणि एकूण ऑर्डर मोजा. समजा त्या रोज १.७ वर आल्या आणि तिथेच राहिल्या. म्हणजे जाहिरातीने खरी भर घातली होती ती फक्त ०.८ ऑर्डरची. तिचे ८८ रुपये मिळत होते आणि त्यासाठी १२० जात होते. कागदावर नफा, पण खिशात रोज ३२ रुपये तोटा.

निकाल वेगळाही लागू शकतो. पहिल्या आठवड्यात १.७, दुसऱ्यात १.४, तिसऱ्यात १.१ अशी घसरण झाली आणि रँकही खाली गेला, तर जाहिरातच तुमची जागा धरून ठेवत होती. मग तिची खरी भर १.४ ऑर्डरची, म्हणजे १५४ रुपयांची, आणि १२० रुपये देणं परवडतं. म्हणून पहिल्या आठवड्याचा आकडा बघून निर्णय घेऊ नका, आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते बघा. दिवाळीच्या किंवा मोठ्या सेलच्या काळात ही तपासणी करू नका, कारण तेव्हा विक्री वेगळ्याच कारणाने हलते.

कुणी जाहिरात करू नये?

ज्या वस्तूत हातात २५ रुपये उरतात, तिथे शंभरात आठ ऑर्डर धरल्या तरी क्लिकची मर्यादा दोन रुपये निघते. गर्दीच्या शब्दांवर त्या भावाला क्लिक मिळणं कठीण. अशा वेळी बोलीशी खेळत बसण्यापेक्षा दोन वस्तूंचा संच करून ऑर्डरमागचा नफा वाढवणं जास्त कामाचं.

शंभर क्लिकनंतरही दोन-तीनच ऑर्डर येत असतील, आणि त्या सगळ्या शब्दांवर तशाच येत असतील, तर दोष कीवर्डचा नसतो. फोटो, भाव, रिव्ह्यू किंवा पोहोचायला लागणारे दिवस यांत तो शोधा. पोळपाटाचा व्यास किती आणि तो कुठल्या लाकडाचा, हेच पानावर लिहिलेलं नसेल, तर जाहिरात माणसं आणून देईल, पण ती न घेताच परत जातील. आणि त्या प्रत्येक फेरीचे सात रुपये तुम्ही भराल.